चार्जर लावला की घरघर: माइकपासून सोसायटीच्या अर्थिंगपर्यंत

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मी घरूनच करते. सरंजाम अगदी बेताचा: लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक. जानेवारी २०२५ मध्ये जुना प्लास्टिकच्या बॉडीचा लॅपटॉप संपला आणि त्याच्या जागी धातूच्या बॉडीचा, सेकंडहँड लॅपटॉप आला. मशीन उत्तम, पण बॅटरी थकलेली. पाऊण तासात मान टाकायची. जुन्यावर मी नेहमी बॅटरीवरच वाचत असे. आता चार्जर लावून बसणं भाग होतं, आणि चार्जर लावला की हेडफोनमध्ये एक बारीक, कोरडी घरघर सुरू व्हायची. चार्जर काढला की त्याच क्षणी बंद.

हा त्रास आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. त्यावर मिळणारे सल्ले बहुतेक ‘नॉइज रिडक्शन मारून टाका’ किंवा ‘चार्जर बदला’ एवढ्यावरच थांबतात. माझ्या बाबतीत मूळ सापडायला आणि ते दुरुस्त व्हायला जानेवारीचा शेवट ते मे एवढा काळ गेला. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

नॉइज रिडक्शनबद्दल आधीच सांगते. ते मी करून पाहिलं. घरघर जाते, पण तिच्यासोबत ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धारही जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. जे विद्यार्थी दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात त्यांना हा फरक फार जाणवतो. तेव्हा तो मार्ग सोडला.

आधी आवाज ओळखला

२६ जानेवारीला सुट्टी होती. दुपारी पंखा आणि फ्रिज बंद करून माइकपुढे गप्प बसून दोन नमुने घेतले, एक बॅटरीवर आणि एक चार्जरवर. इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज तो किती वाढवतो ते, दोन्ही वेळा तोच ठेवला. तो हलवला तर तुलनेला अर्थ उरत नाही. बॅटरीवर शांततेची पातळी उणे ६७ डेसिबलच्या आसपास होती, चार्जरवर उणे ४७. वीस डेसिबलचा फरक म्हणजे कुजबुजत वाचलेल्या वाक्यामागे घरघर सरळ ऐकू येणार.

Audacity या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जरवाला नमुना निवडून `Analyze > Plot Spectrum` उघडलं. Size मध्ये 16384 ठेवलं की खालच्या भागातल्या रेषा सुट्या दिसतात. ५० हर्ट्झला एक टोक, मग १००, १५०, २००, २५०, असं करत थेट दोन-तीन हजारांपर्यंत एकेक पायरी. ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातल्या विजेची वारंवारिता. नुसती ५० आणि १०० ची दोन टोकं असती तर आवाज गोल, खर्जातल्या ‘हूं’सारखा आला असता. वरपर्यंत पायऱ्या आहेत म्हणून तो खरखरीत येतो. हे चार्जरचं लक्षण आहे: चार्जर विजेची लाट सरळ वापरत नाही, तिच्या माथ्यावरून तुकडे तोडून घेतो, आणि त्या तोडण्याच्या कडा अशा वरच्या पायऱ्यांत उमटतात.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि पुढचा सगळा शोध तिच्याभोवती फिरला. हेडफोन कानाला, चार्जर चालू, आणि मी डाव्या हाताचा तळवा लॅपटॉपच्या कडेवर टेकवला. घरघर निम्म्याहून कमी झाली. हात उचलला, परत आली. माइकच्या जाळीला बोट लावलं तरी तसंच. अनवाणी पायाने फरशीवर बसून लॅपटॉपच्या झाकणावरून बोटाचं टोक हलकेच फिरवलं तर झाकण किंचित खडबडीत, थरथरल्यासारखं लागायचं. चार्जर काढला की तेच झाकण गुळगुळीत.

ही हात लावायची चाचणी फुकट आहे आणि निम्मं निदान करून टाकते. अशा आवाजाची दोन मुख्य कारणं असतात. पहिलं म्हणजे ग्राउंड लूप: लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकर किंवा मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर, दोघांनाही अर्थ म्हणजे जमिनीत जाणारी तार आहे, आणि ऑडिओच्या वायरीने दोघं पुन्हा एकमेकांना जोडलेले, त्या वेटोळ्यात वीज फिरत राहते. यात तुम्ही हात लावा न लावा, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. दुसरं म्हणजे लॅपटॉपला अर्थच नाही आणि त्याची सगळी बॉडी विजेच्या काही व्होल्टांवर लटकलेली आहे. यात हात लावल्यावर आवाज बदलतो, कारण तुम्ही आणि माइक एका पातळीवर येता. खात्रीसाठी मी स्पीकरची वायर काढली, प्रिंटर काढला, मोबाइलचा चार्जर काढला. खोलीत विजेवर फक्त लॅपटॉप उरला. घरघर जागच्या जागी. दुसरं अर्थ लावलेलं यंत्रच नाही, तर लूप कसला? म्हणजे कारण नंबर दोन.

एक्स्टेन्शन बोर्डाच्या पोटात

माझा चार्जर तीन पिनांचा. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड, त्यालाही तीन भोकं आणि तीन पिनांचा प्लग. वरून सगळं रीतसर. पण बोर्डाची वायर हातात घेतली तर ती चपटी आणि बारीक वाटली. प्लग सॉकेटमधून काढला, बोर्ड उलटा करून चार स्क्रू सोडवले. आत दोनच वायरी. वरच्या मोठ्या भोकांमागे पितळेची पट्टी होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती. तिसरी पिन निव्वळ शोभेची.

असे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. विकत घेताना वायरीवर ‘3 core’ असं छापलेलं आहे का ते बघा. घरी आणल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, अर्थात बोर्ड सॉकेटला लावलेला नसताना, प्लगची मोठी पिन आणि बोर्डाचं मोठं भोक यांच्यात बीप होते का पाहा. तसला मल्टिमीटर मला ६५० रुपयांना मिळाला. तीन वायरींचा दणकट बोर्ड ८९० ला.

मीटर हाताशी होताच चार्जरही तपासला, तोही सॉकेटमधून काढून: त्याच्या प्लगची मोठी पिन आणि लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या गोल टोकाचं बाहेरचं कडं. बीप झाली. म्हणजे माझा चार्जर भिंतीतली अर्थ खरोखर लॅपटॉपपर्यंत पोचवतो. (काही चार्जरांत मध्ये एक रोधक असतो, तेव्हा बीप न होता हजारेक ओहम दिसतात, तेही चालतं.) पण कडं आणि पिन यांच्यात काहीच दिसलं नाही, किंवा चार्जर मुळातच दोन पिनांचा असला, तर भिंतीतली अर्थ कितीही चांगली असो, ती लॅपटॉपपर्यंत जाणारच नाही. तुमचा चार्जर यातला कुठला हे आधी पाहून घ्या, नाहीतर पुढचा खर्च वाया जाईल.

नवा बोर्ड लावला आणि हेडफोन घातले. घरघर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. चार्जर सरळ भिंतीत लावून पाहिला, तेच. उणे ४७ होतं ते उणे ४१ वर आलं, आणि अनवाणी असताना झाकणाला हात लावला की आता स्पष्ट झिणझिण्या येऊ लागल्या. गंमत म्हणजे संध्याकाळी सातनंतर आवाजाचा पोत बदलायचा. कधी एकदम ‘टक्’ होऊन पातळी हलायची, जशी काय शेजारी कुणीतरी बटण दाबलं. त्या वेळी मला ती नुसती कल्पना वाटली होती.

तिसरं भोक नेमकं कशाला जोडलंय

८ फेब्रुवारीला माझा मावसभाऊ आला. तो इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करतो. त्याने येताना साधा पंधरा वॅटचा बल्ब होल्डरसकट आणला होता. सॉकेटमध्ये मीटरचे प्रोब घालायचं काम त्यानेच केलं आणि ते अननुभवी माणसाने करूच नये, हे वेगळं सांगायला नको.

फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चांगल्या घरात एखाद-दोन व्होल्ट असतात, इथे ११२. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ हवेत, इथे ११८. दोन्हींची बेरीज २३०. म्हणजे अर्थचं भोक फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये कुठेतरी लटकलेलं. मग त्याने फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला. बल्ब पेटला नाहीच, आणि मीटरवरचे ११८ कोसळून नाहीसे झाले. जमिनीशी खरा संबंध असता तर बल्ब लख्ख पेटला असता.

“ताई, तुझ्या भिंतीत अर्थची वायर आहे,” तो म्हणाला, “पण ती जमिनीत जात नाही. ती फक्त बाकीच्या घरांना जोडलेली आहे.”

मला हे नीट समजून घ्यायला वेळ लागला. चार्जरच्या आत, विजेच्या दोन्ही तारांवरून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. चार्जरच्या उच्च वारंवारितेच्या कचऱ्याला वाट मिळावी म्हणून ते मुद्दाम घातलेले असतात. त्यातून अगदी थोडी वीज, मिलिअँपिअरचा काही हिस्सा, अर्थकडे झिरपत राहते. अर्थ जमिनीला जोडलेली असली तर ती निमूट निघून जाते. जोडलेली नसली तर दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधला बिंदू साहजिकच २३० च्या निम्म्यावर जाऊन बसतो. लॅपटॉपची बॉडी, यूएसबीचं आवरण, इंटरफेस, माइकच्या केबलची जाळी आणि माइकची बॉडी हे सगळं त्याच बिंदूला जोडलेलं. मी फरशीवर बसलेली, म्हणजे जमिनीच्या पातळीवर. माझ्या ओठांपासून वीतभर अंतरावर माइक शंभरेक व्होल्टांनी वरखाली होतोय, आणि झिरपणारी वीज जमिनीकडे जायला केबलच्या जाळीतून, हवेतून, माझ्यातून वाट शोधतेय. तीच घरघर.

नुसत्या जुन्या बोर्डावर माझा लॅपटॉप एकटा लटकत होता. भिंतीला जोडल्यावर तो इमारतीतल्या सगळ्यांसोबत लटकू लागला. प्रत्येक घरातला कॉम्प्युटर, वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर एसी आपापली थोडी थोडी वीज त्याच हिरव्या वायरीत सोडतो आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून बोर्ड बदलल्यावर आवाज वाढला, म्हणून झिणझिण्या वाढल्या, आणि संध्याकाळी लोक घरी येऊन यंत्रं लावू लागले की तो पोत बदलायचा.

घरघरीपेक्षा मोठी गोष्ट मावसभावाने शेवटी सांगितली. एका चार्जरची झिरप शरीराला धोक्याची नसते, कारण कपॅसिटर तिला अडवून धरतात. पण कुणाच्या गिझरचं एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागली, तर ती फेज या वायरीवरून बाराही घरांतल्या फ्रिजच्या दारावर आणि माझ्या माइकवर येईल, आणि तिला अडवायला मध्ये काहीही नसेल.

सोपा आणि घातक उपाय

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, मीटर लावलं, आणि म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारतो, व्होल्टेज झीरो होईल.”

झीरो होतं, हे खरं. घरघरही जाते. पण त्या घडीपासून यंत्राची बॉडी न्यूट्रलला जोडलेली राहते. मागे कुठे न्यूट्रल सुटला, आणि जुन्या वायरिंगमध्ये तो सुटतोच, तर चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेज उलटी येऊन पूर्ण २३० व्होल्ट लॅपटॉपच्या झाकणावर येतात. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, असला तर अशा जंपरने तो पुन्हा पुन्हा पडतो, मग कंटाळून लोक आरसीसीबीच काढून टाकतात. मी नको म्हटलं, भेटीचे ३०० रुपये दिले आणि त्याला वाटेला लावलं. तुमच्या घरी पूर्वी कुणी असं करून ठेवलंय का ते ओळखायची एक खूण आहे: न्यूट्रल-अर्थ वाचन घरात इस्त्री, गिझर असा मोठा भार चालू केल्यावरही अगदी शून्यावर चिकटून राहतं. खरी अर्थ असेल तर भार वाढला की ते व्होल्टभर तरी वर सरकतं.

तसंच चार्जरची तिसरी पिन कापून टाकायचा सल्लाही मला दोघांनी दिला. त्याने आपण पुन्हा शोभेच्या बोर्डाच्या स्थितीत येतो, बाकी काही नाही.

अर्ज, कोटेशन, सभा

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेला, १९७४ सालची, तळमजला आणि वर तीन मजले, बारा घरं. मीटरखोलीची किल्ली सेक्रेटरी काकांकडे असते. माझं पहिलं बोलणं फसलं, कारण सुरुवात रेकॉर्डिंगपासून झाली. “अगं, तुझ्या माइकसाठी सोसायटीने खड्डा खणायचा?” असं ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

१५ फेब्रुवारीला लेखी अर्ज दिला. त्यात माइकचा उल्लेखच केला नाही. माझ्या, शेजारच्या आणि तळमजल्यावरच्या एका घरात घेतलेली तीन वाचनं लिहिली (तिन्हीकडे न्यूट्रल-अर्थ शंभराच्या वर), बल्बची चाचणी लिहिली आणि गिझरचं वाक्य लिहिलं. अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवली. हे करा. आमच्याकडे कमिटी बदलली तेव्हा मूळ अर्ज सापडेना, पोच होती म्हणून पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

कमिटीची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी असते. तिथे ठरलं की परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून आधी पाहणी करून घ्यायची. तिचे १,५०० रुपये सोसायटीने दिले. कॉन्ट्रॅक्टर ९ मार्चला आला. मीटरखोलीत मीटरांच्या अलीकडचा, वीज कंपनीचा सीलबंद भाग त्याने सोडून दिला. आपला विषय मीटरनंतरचा. भिंतीवर जस्ताचा मुलामा दिलेली एक लोखंडी पट्टी होती, तिला प्रत्येक घरातून आलेली हिरवी किंवा उघडी तार बांधलेली. पट्टीला कधीतरी सगळ्यांसोबत हिरवा रंग लावलेला, त्यामुळे ती नवीन दिसत होती. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक फरशीच्या सांध्यापाशी, जिथे पट्टी जमिनीत शिरते तिथे, हलकेच टेकवलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतून तांबूस भुसा खाली सांडला. धातू उरलाच नव्हता. रंगानेच तिला उभं धरलं होतं.

ती पट्टी जायची कुठे? कंपाउंडमधल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे. तो खड्डा कुणालाच आठवेना. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं की पूर्वी माळी उन्हाळ्यात तिथे मीठ-पाणी घालायचा. काही वर्षांपूर्वी पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवले, त्याखाली तो गेला.

तीन कोटेशनं मागवावी लागली. एक आलं २९ मार्चला, दुसरं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तिसऱ्यासाठी फोन करून करून थकले. मान्य झालेलं कोटेशन ३८,४०० रुपयांचं: जुना खड्डा शोधण्यापेक्षा नवीन इलेक्ट्रोड म्हणजे जमिनीत पुरायचा धातूचा दांडा, त्याभोवती ओल धरणारी पावडर, वर झाकणाचं चेंबर, तिथून मीटरखोलीपर्यंत नवी पट्टी, खोलीत तांब्याची जोडपट्टी आणि बारा घरांपर्यंत नवी हिरवी वायर. आमच्या उपविधींप्रमाणे एवढ्या रकमेला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती २० एप्रिलला झाली. अर्धा वेळ पाण्याच्या टाकीवर गेला. आमचा विषय घरटी ३,२०० रुपयांवर दहा मिनिटांत मंजूर झाला. एका काकांनी “पन्नास वर्षं काही झालं नाही” म्हटलं, तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनींनी वॉशिंग मशिनला ओला हात लागला की काय होतं ते सांगितलं. त्यापुढे कुणी बोललं नाही. या सगळ्या काळात मी बॅटरीवर, पाऊण पाऊण तासाचे तुकडे पाडून वाचत होते. वैताग आला, पण काम चालू राहिलं.

खड्डा आणि मोजणी

काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. दोन दिवस सकाळी दहा ते पाच वीज अधूनमधून बंद होती. नोटीस लावली होती तरी एकांनी भांडण केलंच.

इलेक्ट्रोड तीन मीटर लांबीचा, उभा पुरलेला. पुरून झालं म्हणजे काम झालं असं समजू नका, त्याचा जमिनीशी रोध मोजून घ्या आणि तो आकडा लेखी मागा. मोजायचं यंत्र वेगळं असतं, त्याला आपल्याकडे अर्थ मेगर म्हणतात. इलेक्ट्रोडपासून सरळ रेषेत लांब एक खिळा ठोकतात, त्यातून वीज सोडतात, आणि त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर दुसरा खिळा ठोकून व्होल्टेज बघतात. आमच्याकडे सगळीकडे पेव्हर ब्लॉक. शेवटी भिंतीकडेच्या जास्वंदीच्या वाफ्यातून रेषा धरली. वाचन ३.१ ओहम आलं. मधला खिळा कॉन्ट्रॅक्टरने मीटरभर पुढे आणि मीटरभर मागे ठोकून पुन्हा पाहिलं. आकडा फारसा हलला नाही, म्हणजे मोजणी विश्वासाची. अशा इमारतींसाठी पाच ओहमच्या आत असलं की ठीक धरतात. मेमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजलं हे बरं झालं. जुलैत मुंबईची जमीन भिजलेली असते तेव्हा कुठलाही खड्डा चांगलाच दिसतो.

१७ मेच्या संध्याकाळी माझ्या सॉकेटवर वाचनं घेतली. न्यूट्रल-अर्थ ०.८ व्होल्ट, फेज-अर्थ २३१. पंधरा वॅटचा बल्ब पेटला. ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांच्या घरी ही बल्बची चाचणी करताच तो पडतो, आणि पडायलाच हवा.

मग हेडफोन. गेनची खूण जानेवारीत पेन्सिलने केली होती तिथेच ठेवला, पंखा आणि फ्रिज बंद, चार्जर चालू. उणे ६६. बॅटरीपेक्षा एकाच डेसिबलने वर. Plot Spectrum मध्ये ५० हर्ट्झचं टोक अजून दिसतं, पण वरच्या पायऱ्या खोलीच्या आवाजात बुडून गेल्यात. अनवाणी बसून झाकणावरून बोट फिरवलं, काहीच नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंदापेक्षा हायसं वाटलं, कारण ३८ हजार खर्चून घरघर राहिली असती तर पुढच्या सभेला तोंड दाखवणं कठीण होतं.

एक लहानसा भाग उरला होता. वाचून झाल्यावर ऐकायला स्पीकर लावले तर त्यांतून मंद, गोल ‘हूं’ यायला लागलं, जे पूर्वी नव्हतं. हात लावून बदलत नव्हतं. हा मात्र खरा ग्राउंड लूप: स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर, लॅपटॉप या भिंतीवर, आणि आता दोघांनाही खरी अर्थ मिळालेली. स्पीकरचा प्लग काढून लॅपटॉपच्याच तीन वायरींच्या बोर्डावर लावला आणि ते गेलं. ते अशाने नाही गेलं तर ऑडिओच्या वायरीत मध्ये घालायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. यूएसबीच्या वायरीत घालायचे आयसोलेटरही असतात, पण त्यांतले स्वस्त १२ मेगाबिटपर्यंतच चालतात आणि बरेच ऑडिओ इंटरफेस त्यांवर ओळखलेच जात नाहीत, तेव्हा परत करता येत असेल तरच घ्या.

शेजारच्या मुलाचा प्रश्न मात्र या सगळ्याने सुटला नाही. तो गिटार रेकॉर्ड करतो, त्याच्या लॅपटॉपचा यूएसबी-सी चार्जर दोन पिनांचा. भिंतीत आता चांगली अर्थ आहे, पण तिला त्याच्या लॅपटॉपकडे जायला तारच नाही. त्याच्याकडे तीन पिनांवर चालणारा जुना मॉनिटर पडून होता. तो एचडीएमआय केबलने लॅपटॉपला जोडला, केबलच्या आवरणातून अर्थ पोचली आणि गिटारची घरघर थांबली. सगळे मॉनिटर अर्थ पुढे देत नाहीत. वीज काढून मॉनिटरच्या प्लगची मोठी पिन आणि एचडीएमआय पोर्टचं धातूचं कडं यांच्यात मीटरने बीप होते का तेवढं आधी पाहून घ्या. रेकॉर्ड करताना त्या मॉनिटरचा पडदा बंद ठेवला तरी चालतं, फक्त प्लग भिंतीत असायला हवा.